जीपीएस जागा कशी शोधतं? आलेख कागदावर तीन बिंदूंची कृती घेणाऱ्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीच्या वर्गात मी ही कृती घेतो आणि इतर शिक्षकांनाही शिकवतो. त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. कृती प्रश्न ३ आणि ५ मध्ये आहे. घाई असेल तर आधी ते दोन वाचा, पण प्रश्न ४ वगळू नका. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

१. उपग्रह माझा फोन कुठे आहे ते बघतो आणि मला कळवतो, असंच ना?

नाही. मुलांच्या मनात हेच चित्र घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी. जीपीएसचा उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो सतत एक संदेश पाठवत असतो: मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत आणि मी अमुक कक्षेत आहे. खाली किती फोन तो संदेश ऐकतायत याची त्याला काहीच कल्पना नसते. जागा शोधण्याचं सगळं गणित फोनच्या आत होतं.

याला समजायला सोपी जोड म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा सगळ्या गावासाठी वाजतो. तो ऐकून आपण किती लांब आहोत हे ठरवायचं काम ऐकणाऱ्याचं. पुढची सगळी कृती याच भोंग्यावर उभी आहे.

२. नुसत्या संदेशावरून अंतर कसं कळतं?

संदेश निघाल्याची वेळ संदेशातच असते. तो पोचल्याची वेळ फोन स्वतःच्या घड्याळात बघतो. दोन्हींतला फरक गुणिले संदेशाचा वेग म्हणजे अंतर. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरने येतात. उपग्रह बरोबर डोक्यावर असेल तर त्या सुमारे ०.०६७ सेकंदात पोचतात.

हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना विचारा, की घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर अंतर किती चुकेल? उत्तर ३०० मीटर. बहुतेक मुलं हा गुणाकार दोनदा करून बघतात. जीपीएसमध्ये अंतर मोजणं म्हणजे वेळ मोजणं, हे त्या ३०० मीटरमुळे त्यांच्या लक्षात राहतं.

आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणून भोंग्याच्या गोष्टीत सेकंद मोजता येतात आणि कागदावर सेंटिमीटर.

३. कृती नेमकी कशी करायची? सगळे आकडे द्या.

साहित्य: आलेख कागद, तीक्ष्ण पेन्सिल, टाचणी, खाली ठेवायला जाड पुठ्ठा आणि साधारण १४ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी. कंपासपेटीतला कंपास १० सेंटिमीटरच्या पुढे ताणला की निसटायला लागतो, म्हणून मी पट्टी वापरतो. पट्टीच्या एका टोकाला टाचणीसाठी भोक पाडा. तिथून ५ ते ११.५ सेंटिमीटरपर्यंत दर अर्ध्या सेंटिमीटरवर पेन्सिलीचं टोक जाईल एवढी भोकं पाडा. टाचणी केंद्रावर रोवायची, हव्या त्या भोकात पेन्सिल घालायची आणि पट्टी फिरवायची.

गोष्ट अशी सांगा. एका गावात तीन मनोरे आहेत. प्रत्येकावर वेगळ्या सुराचा भोंगा आहे आणि तिन्ही भोंगे बरोबर १२ वाजता वाजतात. सूर वेगळे असल्यामुळे कुठला भोंगा कुठल्या मनोऱ्याचा हे ओळखू येतं. (जीपीएसचे उपग्रह मात्र एकाच वारंवारतेवर बोलतात, पण प्रत्येकाचा सांकेतिक क्रम वेगळा असतो. फोन त्यावरून त्यांना ओळखतो.) तुम्ही गावात कुठेतरी आहात, पण कुठे ते माहीत नाही. आवाज १ सेकंदात जेवढं अंतर जातो ते कागदावर १ सेंटिमीटर.

आलेख कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आरंभबिंदू घ्या आणि मनोरे मांडा: अ (२, ५), ब (१४, ८.५), क (५.५, १९). निर्देशक सेंटिमीटरमध्ये आहेत. आता मुलांना वेळा सांगा: अ चा भोंगा १० सेकंदांनी ऐकू आला, ब चा ७.५ सेकंदांनी, क चा ६.५ सेकंदांनी.

आधी फक्त अ भोवती १० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढायला लावा आणि विचारा, “आता तुम्ही कुठे आहात?” उत्तर: या वर्तुळावर कुठेही. इथे थोडं थांबा. एका अंतरावरून दिशा कळत नाही, हे मुलांना स्वतःहून बोलू द्या. मग ब भोवती ७.५ चा कंस. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात: एक (८, १३) पाशी, दुसरं खाली, साधारण (११.४, १.५) पाशी. वर्गात लगेच दोन तट पडतात. ते पडू द्या. शेवटी क भोवती ६.५ चा कंस काढला की तो (८, १३) मधून जातो आणि खालचा बिंदू बाद होतो.

आकडे मुद्दाम असे निवडले आहेत की पडताळा पायथागोरसने करता येतो. अ पासून उत्तराकडे ६ आडवे आणि ८ उभे, म्हणजे कर्ण १०. ब पासून ६ आणि ४.५, म्हणजे ७.५. क पासून २.५ आणि ६, म्हणजे ६.५.

४. काही ठिकाणी तीन उपग्रह पुरतात असं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी चार. मुलांना काय सांगू?

चार सांगा, आणि चौथा का लागतो तेही सांगा. ‘तीन पुरतात, चौथा अचूकतेसाठी’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते बरोबर नाही.

प्रश्न ३ मध्ये आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली: ऐकणाऱ्याचं घड्याळ अगदी बरोबर आहे. उपग्रहात अणुघड्याळ असतं, त्यामुळे त्याच्या बाजूने ते जवळजवळ खरं असतं. फोनमध्ये मात्र साधं क्वार्ट्‌झ घड्याळ असतं. ते सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० किलोमीटरने चुकतं. मग अशा घड्याळावर जागा कशी काढायची?

यातून सुटायची वाट एकाच गोष्टीत आहे. फोनचं घड्याळ जेवढं चुकलेलं आहे, तेवढीच चूक सगळ्या उपग्रहांच्या अंतरांत येते, कारण सगळी अंतरं त्याच एका घड्याळाने मोजली आहेत. म्हणून ती चूक आपण अज्ञात संख्या मानतो आणि जागेबरोबर तीही सोडवतो. अवकाशात जागेचे अज्ञात तीन: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. घड्याळाची चूक हा चौथा. चार अज्ञातांना चार समीकरणं लागतात, म्हणजेच चार उपग्रह.

कागदावर उंची नाही. तिथे जागेचे दोन अज्ञात आणि घड्याळाचा एक, असे मिळून तीन. म्हणून कागदावरचे तीन मनोरे हे खऱ्या जीपीएसच्या चार उपग्रहांच्या जोडीचे आहेत. मी हे मुलांना शेवटी सांगतो. आधी प्रश्न ५ मधला दुसरा भाग त्यांच्या हातून होऊ द्या.

५. घड्याळाची चूक कागदावर कशी दाखवायची?

नवा कागद घ्या. मनोरे तेच, तुमची जागा तीच, फक्त ती मुलांना आठवू नये म्हणून या भागाआधी एखादा दिवस जाऊ द्या, किंवा दुसऱ्या तुकडीला द्या. या वेळी सांगा: “तुमच्या हातातलं घड्याळ पुढे आहे की मागे, आणि किती, ते माहीत नाही. त्यात मोजलेल्या वेळा अशा: अ ११, ब ८.५, क ७.५.”

मुलं वर्तुळं काढतात आणि ती एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये तीन वाकड्या बाजूंचा त्रिकोण उरतो. त्याचे कोपरे साधारण (७.८, १४.३), (६.१, ११.५) आणि (९.७, १२.८) पाशी येतात. बहुतेक मुलांना वाटतं आपलं चुकलं आणि ती खोडरबर शोधतात. खोडू देऊ नका. तो त्रिकोणच माहिती देतो आहे: तिन्ही वर्तुळं गरजेपेक्षा मोठी आहेत, म्हणजे घड्याळ पुढे आहे.

आता नियम द्या: तिन्ही त्रिज्या सारख्याच कमी करायच्या. आधी अर्धा सेंटिमीटर, म्हणजे १०.५, ८ आणि ७. पट्टीवर अलीकडच्या भोकात पेन्सिल घातली की झालं. त्रिकोण लहान होतो. आणखी अर्धा सेंटिमीटर कमी केला की तिन्ही कंस (८, १३) पाशी मिळतात. एकूण १ सेंटिमीटर कमी करावा लागला, म्हणजे घड्याळ १ सेकंद पुढे होतं. मुलांना जागा मिळाली आणि बरोबर वेळही मिळाली. जीपीएसमुळे फोनला अचूक वेळ कळते ती अशीच, वेगळा खर्च न करता.

वेळ उरला तर घड्याळ मागे असल्याचंही करून बघा: ९, ६.५, ५.५. या वेळी ब आणि क ची वर्तुळं एकमेकांना भेटतच नाहीत, मध्ये मोकळी फट राहते. मग त्रिज्या वाढवायच्या.

दोन्ही भाग एका तासिकेत बसत नाहीत. दोन तासिका धरा. एकच मिळत असेल तर पट्ट्या आदल्या दिवशी घरी करून आणायला सांगा.

६. पहिल्याच भागात मुलांची वर्तुळं जुळत नाहीत. घड्याळाची चूक तर घातलीच नव्हती!

एक-दोन मिलिमीटरचा छोटा त्रिकोण आला तर तो पेन्सिलीच्या जाडीचा आणि टाचणीच्या भोकाचा आहे, त्याची काळजी नको. एक वर्तुळ बाकी दोघांच्या छेदापासून खूप लांब, सहा सेंटिमीटरहून जास्त जात असेल, तर आधी ब चे निर्देशक बघा. (१४, ८.५) ऐवजी (८.५, १४) मांडलेलं असतं. त्याखालोखाल आढळणारी चूक म्हणजे आरंभबिंदू छापील जाळीच्या कोपऱ्याऐवजी कागदाच्या कडेला घेणं, तेही फक्त एका मनोऱ्यासाठी. तिन्ही मनोरे तसेच घेतले असतील तर वर्तुळं जुळतात, फक्त उत्तर सरकलेलं येतं.

७. याला त्रिकोणीकरण म्हणायचं का?

नाही. त्रिकोणीकरणात कोन मोजतात. भारताच्या मोठ्या सर्वेक्षणात थिओडोलाइटने तेच केलं होतं. जीपीएस एकही कोन मोजत नाही, फक्त अंतरं मोजतं. वर्गात ‘तीन अंतरांवरून जागा’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

८. तिन्ही मनोरे एका बाजूला असतील तर?

हा प्रश्न मुलंच विचारतात आणि चांगला विचारतात. प्रश्न ५ मधली ‘त्रिकोण दिसला म्हणजे घड्याळ पुढे, फट दिसली म्हणजे मागे’ ही खूण तुम्ही तिन्ही मनोऱ्यांच्या मध्ये असाल तेव्हाच चालते. मनोरे सगळे एका बाजूला असले की कंस एकमेकांना काटकोनात न छेदता जवळजवळ समांतर जातात. मग १ मिलिमीटरच्या चुकीने छेदबिंदू सेंटिमीटरभर सरकू शकतो. करून दाखवायचं असेल तर तिन्ही मनोरे कागदाच्या खालच्या कडेजवळ मांडा आणि जागा वरच्या कडेजवळ घ्या. कंस कुठे छेदतात ते नक्की सांगणंच मुलांना जड जातं.

खऱ्या जीपीएसमध्ये हे रोज घडतं. उपग्रह नेहमी आपल्या वर असतात, पायाखाली एकही नसतो, कारण तिकडे पृथ्वी आड येते. म्हणजे वर-खाली या दिशेत आपण कायम ‘सगळे मनोरे एका बाजूला’ अशा स्थितीत असतो. म्हणूनच फोन सांगतो ती उंची त्याच वेळच्या अक्षांश-रेखांशापेक्षा जास्त चुकते. उंच इमारतींच्या गल्लीतही असंच होतं: आकाशाची फक्त एक पट्टी दिसते आणि उपग्रह त्याच पट्टीत सापडतात.

९. एकाच मनोऱ्याची वेळ चुकली, तर कागदावरून कळेल का?

नाही कळणार, आणि शिक्षकांना याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. समजा अ चा आवाज टेकडीवर आपटून आला, म्हणून १० ऐवजी ११ सेकंद लागले. ब आणि क बरोबर आहेत: ७.५ आणि ६.५. वाटतं की आता तिन्ही त्रिज्या सारख्या कमी करून जुळवता येणारच नाहीत. पण येतात. साधारण ०.२ सेंटिमीटर कमी केलं की तिन्ही वर्तुळं एका बिंदूत भेटतात, फक्त तो बिंदू खऱ्या जागेपासून पाऊण सेंटिमीटरच्या आसपास सरकलेला असतो. म्हणजे उत्तर स्वच्छ दिसतं आणि तरी चुकीचं असतं. (पट्टीवर ०.२ चं भोक नाही, इथे कंपास काळजीपूर्वक वापरावा लागतो. म्हणून हा भाग मी फक्त उत्सुक मुलांना देतो.)

कारण प्रश्न ४ मध्येच आहे: तीन अज्ञात आणि तीन मोजमापं असली की मोजमापांची एकमेकांशी पडताळणी करायला काही उरत नाही. त्यासाठी चौथा मनोरा लागतो. अवकाशात त्याच कारणाने पाचवा उपग्रह लागतो: पाच असले तर ‘कुठेतरी चूक आहे’ एवढं कळतं, आणि कुठला उपग्रह चुकला हे ओळखून तो वगळायला सहा लागतात. विमानातली जीपीएस यंत्रं ही तपासणी करतात. शहरात काचेच्या इमारतीवर आपटून आलेला संदेश ही जमिनीवरची याच जातीची चूक. नकाशावर आपण एकदम शेजारच्या रस्त्यावर दिसतो ते बहुतेक वेळा यामुळेच.

१०. इंटरनेट बंद असेल तर जीपीएस चालतं का?

चालतं. जागा शोधायला इंटरनेट लागत नाही, नकाशाचं चित्र उतरवायला लागतं. सुरुवातीला जरा थांबावं लागतं एवढंच. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या सावकाश पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. इंटरनेट असेल तर फोन ती माहिती तिकडून पटकन घेतो.

११. एका विद्यार्थ्याने वाचलंय की आइन्स्टाइनचा सिद्धांत वापरला नाही तर जीपीएस रोज ११ किलोमीटर चुकेल. खरं आहे का?

आकड्याचं मूळ खरं आहे. पृथ्वीपासून दूर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून उपग्रहातलं घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद जलद चालतं. उपग्रहाच्या वेगामुळे ते सुमारे ७ मायक्रोसेकंद मंद चालतं. बेरीज ३८ मायक्रोसेकंद जलद, आणि प्रकाश तेवढ्या वेळात ११ किलोमीटरहून थोडं जास्त जातो. म्हणून जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच किंचित मंद लावून वर पाठवतात.

पण ‘जागा ११ किलोमीटर चुकेल’ हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि ज्या मुलांनी प्रश्न ५ हाताने केला आहे त्यांना तो खोडून काढता येतो. सगळ्याच उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली तर सगळी अंतरं सारखीच चुकतात. सगळ्या त्रिज्यांत सारखी भर पडली तर आपण काय केलं होतं? सारखीच कमी करून बिंदू शोधला होता. त्या चुकीचा बराच मोठा भाग फोनच्या घड्याळाच्या खात्यात जातो आणि जागा त्यामानाने फार कमी बिघडते. दुरुस्ती तरीही हवीच, कारण फोनला मिळणारी वेळ चुकेल आणि उपग्रह अमुक क्षणी कुठे होता हेही हळूहळू चुकत जाईल. विद्यार्थ्याला ‘चूक’ म्हणू नका. “११ किलोमीटर अंतरात की जागेत?” एवढं विचारा.

१२. भारताच्या नाविकमध्येही हेच तत्त्व आहे का? आणि उपग्रहातलंच घड्याळ बिघडलं तर?

तत्त्व तेच. फरक कक्षेचा आहे: नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि भारतावरच लक्ष ठेवता येईल असे मांडले आहेत, म्हणून सात उपग्रहांची रचना पुरते.

घड्याळाचा प्रश्न इथे खरोखर आला. या मालिकेतला पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, जुलै २०१३ मध्ये सोडला. पुढे त्याच्यावरची तिन्ही रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह कक्षेत होता, पण संदेश कधी निघाला हेच खात्रीने सांगता येत नसल्यामुळे जागा शोधायला तो निरुपयोगी झाला. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला १एच उष्णताकवच न सुटल्यामुळे वाया गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये १आय कक्षेत पोचला.

हे कागदावर दाखवायला क मनोरा खोडा आणि अ व ब साठी पुन्हा ११ आणि ८.५ द्या. घड्याळ किती चुकलंय ते माहीत नाही असंही सांगा. मुलं त्रिज्या अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने कमी करत जातात आणि वरचा छेदबिंदू दर वेळी खाली सरकतो, पण कुठे थांबायचं ते सांगणारं काहीच नसतं. ते सगळे बिंदू जोडायला लावा. एक वक्ररेषा मिळते, आणि तुम्ही त्या रेषेवर कुठेतरी आहात.